शून्ये शेवटी, बाकीचे जागच्या क्रमाने: एका फेरीची पद्धत आणि तिची मर्यादा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत दर तिमाहीला नोटीस बोर्डावर थकबाकीची यादी लागते. ज्यांच्याकडे मेंटेनन्सची रक्कम येणे आहे त्या सदनिका वर, आणि ज्यांची बाकी शून्य आहे त्या खाली, अशी तिची मांडणी असते. मात्र वरच्या भागात सदनिकांचा मूळ क्रम मोडता कामा नये, कारण वसुलीसाठी मजल्यामजल्याने जाताना तोच क्रम उपयोगी पडतो. ही यादी तयार करण्याचा छोटा प्रोग्रॅम मी लिहून दिला होता. पहिली छापील प्रत हातात घेऊन आमचे खजिनदार काका म्हणाले, "वरचं सगळं बरोबर आहे, पण खाली २०३ च्या नंतर १०४ कसा आला? त्या बिचाऱ्यांनी काय केलंय?" प्रोग्रॅममध्ये हिशेबाची चूक नव्हती, एकही सदनिका गळलेली नव्हती, आणि तरीही १०४ आपली जागा सोडून खाली गेला होता. या प्रश्नाचे उत्तर शोधताना शून्ये शेवटी नेण्याची प्रसिद्ध पद्धत नेमकी कशाच्या आधारावर चालते हे मला नीट कळले, म्हणून तोच धागा धरून ती येथे मांडतो.

आधी सदनिका बाजूला ठेवू आणि फक्त आकडे घेऊ. एका विंगच्या पहिल्या दोन मजल्यांवरच्या आठ सदनिकांची बाकी रुपयांमध्ये अशी होती:

```python
a = [0, 1200, 0, 0, 450, 3100, 0, 800]
```

अपेक्षित उत्तर `[1200, 450, 3100, 800, 0, 0, 0, 0]` हे आहे. शून्येतर आकडे लहान-मोठे लावायचे नाहीत. ते मूळ यादीत ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने राहिले पाहिजेत. कागदावर हे काम कोणीही दोन याद्या करून उरकेल: एका यादीत शून्येतर आकडे, दुसरीत शून्ये, आणि शेवटी दुसरी पहिलीला जोडायची. आठ काय, आठशे सदनिकांसाठीही ही पद्धत पूर्णपणे योग्य आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या प्रश्नाला सहसा आणखी एक अट जोडलेली असते, ती म्हणजे दुसरा अ‍ॅरे न वापरता त्याच अ‍ॅरेमध्ये, जागच्या जागी, बदल करायचा. अ‍ॅरे प्रचंड असेल किंवा यंत्राची स्मृती तुटपुंजी असेल तर या अटीला खरा अर्थ येतो.

जागच्या जागी करायचे म्हटल्यावर बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते असे, की शून्य दिसले की ते उचलायचे आणि शेवटाला नेऊन ठेवायचे.

```python
for i in range(len(a)):
    if a[i] == 0:
        a.append(a.pop(i))
```

वाचायला हे अगदी निर्दोष वाटते. पण आपल्या आठ आकड्यांवर चालवले तर उत्तर `[1200, 0, 450, 3100, 800, 0, 0, 0]` असे येते. दुसऱ्या स्थानावर एक शून्य तसेच राहून जाते. कारण सरळ आहे. एखादे शून्य उचलले की त्याच्या उजवीकडचे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकतात, म्हणजे पुढचा आकडा आता त्याच घरात येऊन बसतो, आणि लूप मात्र पुढच्या घराकडे निघून गेलेला असतो. सरकून आलेला तो आकडा तपासलाच जात नाही. तो शून्येतर असेल तर काही बिघडत नाही, म्हणूनच शून्ये सुटी सुटी असलेल्या यादीवर हा प्रोग्रॅम बरोबर उत्तर देतो आणि लिहिणाऱ्याची खात्री पटते. चूक दिसायला दोन शून्ये शेजारी शेजारी लागतात. आपल्या यादीत तिसरा आणि चौथा आकडा तसा आहे. म्हणून कोणतीही पद्धत तपासताना लागोपाठची शून्ये असलेली यादी प्रथम चालवून पाहावी.

शून्य उचलल्यावर त्याच घरावर थांबून पुन्हा तपासण्याची सोय केली तर उत्तर बरोबर येते, पण दुसरी अडचण उरते. प्रत्येक शून्यामागे उजवीकडची सगळी रांग सरकवावी लागते. एक लाख आकड्यांच्या अ‍ॅरेमध्ये एकाआड एक शून्य असेल तर अशा सरकवण्यांची संख्या सुमारे पावणेचारशे कोटी होते. संगणक हे सरकवणे मोठ्या तुकड्यांमध्ये झपाट्याने करतो हे खरे, तरी अ‍ॅरेची लांबी दुप्पट केली की हे काम चौपट होते, ही वाढ काही टळत नाही.

सुटका होते ती प्रश्न उलटा वाचल्यावर. शून्ये मागे न्यायची असे न म्हणता, शून्येतर आकडे पुढे आणायचे असे म्हणावे. अ‍ॅरेवर दोन बोटे ठेवली आहेत अशी कल्पना करा. एक वाचणारे बोट, जे प्रत्येक घरावरून एकदा पुढे जाते आणि कधीही मागे येत नाही; दुसरे लिहिणारे बोट, जे पुढचा शून्येतर आकडा कोठे बसवायचा ती जागा दाखवते. वाचणाऱ्या बोटाखाली शून्य आले तर काहीही करायचे नाही, पुढे जायचे. शून्येतर आकडा आला तर त्याची लिहिणाऱ्या बोटाखालच्या घराशी अदलाबदल करायची आणि लिहिणारे बोट एक घर पुढे न्यायचे.

```python
def shunye_shevati(a):
    lihi = 0
    for vacha in range(len(a)):
        if a[vacha] != 0:
            a[lihi], a[vacha] = a[vacha], a[lihi]
            lihi += 1
```

आपल्या यादीवर हे चालवताना घरांचे क्रमांक प्रोग्रॅमच्या रीतीप्रमाणे ० पासून मोजू. घर ० मध्ये शून्य आहे, त्यामुळे लिहिणारे बोट तेथेच थांबते आणि वाचणारे पुढे जाते. घर १ मध्ये १२०० सापडतात. त्यांची घर ० शी अदलाबदल होते. घर २ आणि ३ मध्ये शून्ये आहेत, ती ओलांडली जातात. घर ४ मधील ४५० घर १ मध्ये येतात, घर ५ मधील ३१०० घर २ मध्ये, आणि घर ६ मधले शून्य ओलांडल्यावर घर ७ मधील ८०० घर ३ मध्ये. प्रत्येक अदलाबदलीनंतरचे चित्र असे दिसते:

```
[1200, 0, 0, 0, 450, 3100, 0, 800]
[1200, 450, 0, 0, 0, 3100, 0, 800]
[1200, 450, 3100, 0, 0, 0, 0, 800]
[1200, 450, 3100, 800, 0, 0, 0, 0]
```

ही पद्धत कधीच का चुकत नाही, हे समजून घेण्यासाठी या चार ओळी सावकाश पाहाव्यात. कोणत्याही क्षणी अ‍ॅरेचे तीन भाग पडलेले असतात. लिहिणाऱ्या बोटाच्या डावीकडे आतापर्यंत भेटलेले सगळे शून्येतर आकडे, भेटले त्याच क्रमाने. लिहिणाऱ्या बोटापासून वाचणाऱ्या बोटाच्या अलीकडेपर्यंत केवळ शून्ये. आणि वाचणाऱ्या बोटापासून पुढे, अजून हात न लागलेला मूळ भाग. सुरुवातीला पहिले दोन्ही भाग रिकामे असतात, म्हणून हे विधान खरे असते. शून्य भेटले की मधला भाग एका घराने लांबतो. शून्येतर आकडा भेटला की तो मधल्या भागातल्या पहिल्या शून्याशी जागा बदलतो. तो आकडा पहिल्या भागाच्या शेवटी जोडला जातो आणि ते शून्य मधल्या भागाच्या शेवटी जाऊन पडते. मधला भाग रिकामाच असेल, म्हणजे अजून एकही शून्य भेटलेले नसेल, तर दोन्ही बोटे एकाच घरावर असतात आणि आकडा स्वतःशीच जागा बदलतो, ज्याने काही बिघडत नाही. वाचणारे बोट शेवटाला पोहोचले की तिसरा भाग संपतो आणि उरतात ते फक्त पहिले दोन, म्हणजेच हवे असलेले उत्तर. रिकामा अ‍ॅरे, सगळी शून्ये असलेला अ‍ॅरे, एकही शून्य नसलेला अ‍ॅरे, यांपैकी कशासाठीही वेगळी अट लिहावी लागत नाही, आणि मला या पद्धतीचे सर्वांत आवडणारे अंग हेच आहे.

दोन बोटांचीच, पण वेगळी अशी एक पद्धत येथे अनेकांना भुरळ घालते. एक बोट डाव्या टोकाला, दुसरे उजव्या टोकाला. डावीकडे शून्य आणि उजवीकडे शून्येतर आकडा सापडला की त्यांची अदलाबदल. शून्ये शेवटी जातात खरी, पण आपल्या यादीत पहिल्याच पावलाला शेवटचे ८०० सर्वांत वर येतात आणि क्रम मोडतो. क्रमाची अट नसेल तरच ती वापरावी.

अदलाबदलीऐवजी नुसते लिहित जाणे हा या पद्धतीचा दुसरा अवतार आहे. शून्येतर आकडा सापडला की तो लिहिणाऱ्या बोटाखाली उतरवायचा, जुन्या जागेची चिंता करायची नाही, आणि फेरी संपल्यावर लिहिणाऱ्या बोटापासून शेवटापर्यंत शून्ये भरायची.

```python
lihi = 0
for x in a:
    if x != 0:
        a[lihi] = x
        lihi += 1
for i in range(lihi, len(a)):
    a[i] = 0
```

यातला शेवटचा लूप विसरला जातो, आणि तसे झाल्यास उत्तर `[1200, 450, 3100, 800, 450, 3100, 0, 800]` असे येते. शेपटीकडच्या घरांत आधीचेच आकडे पडून राहिलेले असतात. ही चूक डोळ्यांनी पकडणे मोठ्या यादीत अवघड आहे, पण बेरजेने ती लगेच पकडता येते: मूळ बाकी ५५५० रुपये होती, आता ती ९९०० दिसते. बाकीची बेरीज आणि शून्यांची संख्या, या दोन गोष्टी आधी व नंतर सारख्याच असल्या पाहिजेत. सी प्लस प्लसमध्ये `std::remove` वापरणारेही नेमके येथेच फसतात. ते फंक्शन राखायचे घटक पुढे आणते आणि नवा शेवट कोठे आहे ते सांगते, पण त्यापुढच्या घरांत काय आहे याची कोणतीही हमी देत नाही. ती शून्ये आपणच भरायची असतात.

शून्य कशाला म्हणायचे हाही प्रश्न आहे, आणि सोसायटीच्या यादीत तो लवकरच समोर येतो. आकडे फाइलमधून वाचले तर ते बहुधा मजकूर म्हणून येतात. पायथॉनला `"0"` आणि `0` वेगळे वाटतात, त्यामुळे प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता यादी होती तशी परत देतो. उलट बाजूने, `if x != 0` च्या ऐवजी आटोपशीरपणे `if x` लिहिले तर ज्या सदनिकेची रक्कम यादीत अजून नोंदवलेलीच नाही, म्हणजे जेथे `None` आहे, तीही शून्य समजली जाते, आणि नुसते लिहित जाण्याच्या पद्धतीत तिच्या जागी खरोखरच शून्य लिहिले जाते. बाकी शून्य असणे आणि बाकी माहीत नसणे यांत फार अंतर आहे. तिसरा धोका अपूर्णांकांचा. पायथॉनमध्ये `0.1 + 0.2 - 0.3` चे उत्तर शून्य येत नाही, दशांश चिन्हानंतर सोळा शून्ये असलेली एक अतिसूक्ष्म संख्या येते. व्याज आणि भरणा यांची अशी वजाबाकी करून काढलेली बाकी छापताना ०.०० दिसेल, पण सदनिका थकबाकीदारांत राहील. म्हणून रक्कम पूर्णांक पैशांत ठेवावी.

आता १०४ कडे वळू. खरी यादी नुसत्या आकड्यांची नव्हती. प्रत्येक आकड्याबरोबर सदनिकेचा क्रमांक होता. १०१, १०३, १०४ आणि २०३ यांची बाकी शून्य, आणि १०२, २०१, २०२, २०४ यांची बाकी अनुक्रमे १२००, ४५०, ३१०० आणि ८०० रुपये. वरच्याच चार अदलाबदली पुन्हा करू, पण या वेळी शून्यांना त्यांची नावे लावून. यादीची सुरुवात १०१ ने होते. पहिल्या अदलाबदलीत १०२ वर येतो आणि १०१ त्याच्या जागी, घर १ मध्ये जातो. दुसऱ्या अदलाबदलीत २०१ ला ते घर मिळते आणि १०१ उडी मारून घर ४ मध्ये पडतो, म्हणजे १०३ आणि १०४ या दोघांच्याही मागे. तिसऱ्यात २०२ वर येतो आणि १०३ घर ५ मध्ये जातो. चौथ्यात २०४ वर येतो आणि १०४ थेट शेवटच्या घरात. अंतिम क्रम असा:

```
102 201 202 204 | 101 103 203 104
```

काकांना दिसलेली यादी हीच. थकबाकीदारांचा क्रम अचूक आहे, पण शून्यवाल्यांमध्ये १०४ हा २०३ च्या मागे गेला आहे. प्रत्येक अदलाबदलीत मधल्या भागातले पहिले शून्य त्या भागाच्या शेवटी फेकले जाते, आणि तसे होताना मधली इतर शून्ये त्याच्या पुढे निघून जातात. कधी कधी ती फिरत फिरत योगायोगाने मूळ क्रमात परत येतात, जसे येथे १०१ आणि १०३ यांचे झाले. पण त्याची खात्री नाही.

म्हणजे नुसत्या आकड्यांच्या अ‍ॅरेमध्येही शून्यांचा क्रम याच रीतीने विस्कटत होता. फक्त एक शून्य दुसऱ्या शून्यासारखेच दिसत असल्याने तो विस्कट कोणाला दिसत नव्हता. एका फेरीत, जादा जागा न घेता काम उरकण्याची सवलत आपल्याला मिळते ती याच गोष्टीच्या बदल्यात. क्विकसॉर्टमध्ये वापरली जाणारी लोमुटो यांची विभागणी याच सांगाड्याची आहे, आणि तिच्यातही डाव्या भागाचा क्रम टिकतो व उजव्या भागाचा टिकेलच असे नाही. नुसते लिहित जाण्याची पद्धत तर नोंदींसाठी मुळीच चालणार नाही, कारण तिच्यात शून्ये हलवली जात नाहीत, ती पुसली जातात आणि शेवटी नवी भरली जातात. नव्या शून्याला सदनिकेचा क्रमांक कोठून येणार?

शून्यांनाही ओळख असेल तर दोन्ही गटांचा क्रम राखणारी विभागणी हवी. पायथॉनमध्ये ती एका ओळीत होते:

```python
yadi.sort(key=lambda s: s[1] == 0)
```

येथे `s[1]` म्हणजे त्या सदनिकेची बाकी. बाकी शून्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर `False` किंवा `True` येते, आणि क्रम लावताना `False` आधी येते. पायथॉनची क्रम लावण्याची पद्धत, म्हणजे टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेली टिमसॉर्ट, सारख्या ठरलेल्या घटकांचा मूळ क्रम कधीही बदलत नाही, म्हणून दोन्ही गट जसेच्या तसे राहतात. ती आतून जादा जागा घेते, पण सोसायटीच्या यादीसाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही आणि मी शेवटी हीच ओळ वापरली.

जादा अ‍ॅरे न घेता हेच करायचे असेल तर एक सुंदर मार्ग आहे, जो हाताने करून पाहण्यासारखा आहे. यादीचे दोन समान भाग करायचे आणि प्रत्येक भाग आधी स्वतंत्रपणे, याच रीतीने पुन्हा निम्मे निम्मे करत, विभागून घ्यायचा. आपल्या यादीचा डावा भाग विभागल्यावर १०२, मग १०१, १०३, १०४ असा होतो; उजवा भाग २०१, २०२, २०४, मग २०३ असा होतो. दोन्ही शेजारी ठेवले की चुकीच्या जागी असतात ते फक्त मधले दोन गट: डावीकडची शून्ये आणि उजवीकडचे थकबाकीदार.

```
102 | 101 103 104 | 201 202 204 | 203
```

हे दोन गट, आतला क्रम न मोडता, एकमेकांच्या जागी न्यायचे. त्यासाठी आधी प्रत्येक गट स्वतंत्रपणे उलटा करायचा, म्हणजे १०४, १०३, १०१ आणि २०४, २०२, २०१ असे होते. मग ही सहा घरे मिळून एकदा उलटी करायची. पहिल्या उलटण्याने बिघडलेला आतला क्रम दुसऱ्या उलटण्याने सुधारतो आणि गटांची जागा मात्र बदललेली राहते. प्रत्येक पातळीवर जास्तीत जास्त पूर्ण अ‍ॅरेएवढे काम आणि निम्मे निम्मे करत गेल्याने अशा थोड्याच पातळ्या, त्यामुळे एक लाख नोंदींना सुमारे सतरा पातळ्या पुरतात. सी प्लस प्लसमधील `std::stable_partition` ला जादा जागा मिळाली नाही तर ते या मर्यादेत काम करते, आणि जागा मिळाली तर नोंदींच्या संख्येच्या प्रमाणातच वाढणाऱ्या कामात उरकते. आपल्या आठ सदनिकांसाठी उत्तर असे येते, आणि १०४ आता १०३ च्या शेजारी, आपल्या मजल्यावर आहे:

```
102 201 202 204 | 101 103 104 203
```